बेस बदलणं वेगळं, बाजू बदलणं वेगळं

पर-युनिट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. तीन-फेज एमव्हीए आणि लाइन-टू-लाइन केव्ही घेतलं की बेस इम्पिडन्स हा केव्हीचा वर्ग भागिले एमव्हीए, आणि तीनचं वर्गमूळ आपोआप कटतं. यावर कोणी फारसं अडत नाही. गोंधळ होतो तो दोन सूत्रांचा, कारण दोन्हींत व्होल्टेजच्या गुणोत्तराचा वर्ग दिसतो.

```
Zohm_HV = Zohm_LV × (V_HV / V_LV)²
Zpu_new = Zpu_old × (S_new / S_old) × (V_old / V_new)²
```

पहिलं सूत्र ओहम एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेतं. त्यातली दोन व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंची असतात. दुसरं सूत्र पर-युनिट जुन्या बेसवरून नव्या बेसवर नेतं, आणि त्यातली दोन्ही व्होल्टेज एकाच बाजूची असतात: त्या उपकरणाच्या पाटीवरचं एक, आणि त्याच ठिकाणी आपण ठरवलेल्या बेसचं दुसरं. दुसऱ्या सूत्रात ११ आणि ६६ एकमेकांवर ठेवून भागलेले दिसले, की उरलेली उत्तरपत्रिका वाचण्यात अर्थ राहत नाही.

एक छोटं जाळं घेऊ. ११ केव्हीचा जनरेटर, पुढे २५ एमव्हीए, ११/६६ केव्ही, ०.१० पर-युनिट रिअॅक्टन्सचा पहिला ट्रान्सफॉर्मर, मग २० ओहम रिअॅक्टन्सची लाइन, आणि शेवटी २० एमव्हीए, ६३/६.३ केव्ही, ०.०८ पर-युनिट रिअॅक्टन्सचा दुसरा ट्रान्सफॉर्मर. बेस ५० एमव्हीए सगळीकडे, आणि जनरेटरपाशी ११ केव्ही.

व्होल्टेजचा बेस फक्त एकाच ठिकाणी आपल्या मर्जीनं ठरतो. पुढचे बेस ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तरानं ठरत जातात: लाइनवर ६६ केव्ही, आणि दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर १० असल्यामुळे त्यापलीकडे ६.६ केव्ही. पाटीवर ६.३ लिहिलंय म्हणून तिथला बेस ६.३ करायचा नाही.

लाइन सोपी. तिला जुना बेस नसतोच, त्यामुळे दुसरं सूत्र तिला लागू होत नाही. बेस इम्पिडन्स ६६ चा वर्ग भागिले ५०, म्हणजे ८७.१२ ओहम, आणि लाइन साधारण ०.२३ पर-युनिट.

आता दुसरा ट्रान्सफॉर्मर. मी सूत्राआधी ओहमनंच करतो आणि तेच करावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात काय चाललंय ते डोळ्यांसमोर राहतं. ६६ च्या बाजूनं त्याचे ओहम ०.०८ गुणिले ६३ चा वर्ग भागिले २०, म्हणजे १५.८७६. त्याला ८७.१२ नं भागलं की ०.१८२. आता खालच्या बाजूनं: ०.०८ गुणिले ६.३ चा वर्ग भागिले २०, म्हणजे ०.१५८७६ ओहम. तिथला बेस इम्पिडन्स ६.६ चा वर्ग भागिले ५०, ०.८७१२ ओहम. उत्तर पुन्हा ०.१८२.

ओहम शंभर पटींनी बदलले, पण बेसचे ओहमही शंभर पटींनीच बदलले, म्हणून पर-युनिट जागचं हललं नाही. गुणोत्तराचा वर्ग बेसमध्येच जिरून गेला आहे. तोच पुन्हा सूत्रात घातला की तो दोनदा मोजला जातो. पहिल्या ट्रान्सफॉर्मरचं पर-युनिट असंच ३६ नं भागलेलं मी वारंवार पाहतो, ०.२० च्या जागी ०.००५६ येतं, आणि फॉल्ट करंट भलताच मोठा निघतो.

सूत्रानं केलं तर ०.०८ गुणिले ५०/२० गुणिले ६३/६६ चा वर्ग, तेच ०.१८२. एमव्हीए बेस वाढला की पर-युनिट वाढतं, केव्ही बेस वाढला की घटतं. दिशा चुकली का ते एवढ्यावरून कळतं.

खरी घातक चूक मात्र डोळ्यांत भरत नाही. समजा कोणी ६.६ ऐवजी पाटीवरचं ६.३ बेस धरलं. वरच्या बाजूनं ०.१८२ येईल, खालच्या बाजूनं ०.२०० येईल. दोन्ही आकडे पटण्यासारखे दिसतात, म्हणून चूक तशीच पुढे जाते. दोन बाजूंनी दोन उत्तरं आली, म्हणजे बेसची साखळी तुटली. ही तपासणी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर करावी, दोन ओळींचं काम आहे.

कधीकधी साखळी जुळवताच येत नाही. वेगवेगळ्या गुणोत्तरांचे दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडले, तर एकाच्या गुणोत्तरानं ठरवलेला बेस दुसऱ्याला बसत नाही. अशा वेळी बेस एकाच्या हिशेबानं ठेवायचा, आणि दुसऱ्यासाठी पर-युनिट आकृतीत एक आदर्श ट्रान्सफॉर्मर शिल्लक ठेवायचा. त्याचं गुणोत्तर म्हणजे खरं गुणोत्तर भागिले बेसचं गुणोत्तर. तो वगळला, तर समांतर वाटांमधून फिरणारा करंट हिशेबात येतच नाही.