रिव्हर्स मॉर्गेजमध्ये घर कुणाचं?

"रिव्हर्स मॉर्गेज घेतलं की घर बँकेचं होतं, मुदत संपली की म्हाताऱ्यांना बाहेर काढतात."

हा समज चुकीचा आहे. रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे ज्येष्ठांनी राहतं घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेणं. मुलुंडमधला आजींचा दीड कोटींचा फ्लॅट धरू. आजींना 15 वर्षं दरमहा 20,000 रुपये मिळतात, म्हणजे एकूण 36 लाख. हे कर्जच आहे, फक्त हप्ता बँक देते. वार्षिक 10 टक्के व्याजाने 15 वर्षांनी देणं साधारण 83 लाख होतं. तेव्हा पैसे थांबतात आणि व्याज चढत राहतं, हे मात्र आधीच नीट समजून घ्या. तरी आजी हयातभर त्याच घरात राहतात. अट एवढीच की मालमत्ता कर, विमा आणि डागडुजी चुकू नये. आजोबा सहकर्जदार असतील तर त्यांच्याही पश्चातच वसुली होते.

पुढे वारसांनी देणं फेडलं की घर त्यांचं. नाही फेडलं तर बँक ते विकते. समजा, 15 वर्षं पूर्ण होताच आजी गेल्या आणि फ्लॅट दीड कोटींनाच विकला गेला, तर उरलेले सुमारे 67 लाख वारसांना मिळतात.

खात्री करायची तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहा: नाव आजींचंच असतं, बँकेचा फक्त बोजा. करारातलं वसुलीचं कलमही वाचून घ्या.