तिकिटाचा तुकडा फ्रेम करण्याआधी: कार्यक्रम नक्की कोणता?

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात जुनी तिकिटं आणि मनगटी पट्टे फ्रेम करून मिळतात. खाली कार्यक्रमाचं नाव आणि तारीख छापायची असते, पण बरेचदा तीच कुणाला आठवत नसते. ती कशी शोधायची, ते इथे सांगतो.

घोडबंदर रोडच्या एका ताईंचं तिकीट फाटलेलं होतं. उरलेल्या तुकड्यावर 'महालक्ष्मी रेसकोर्स' आणि '28 जाने' एवढंच वाचता येत होतं. त्या म्हणाल्या, "लोलापलूझा होतं. इमॅजिन ड्रॅगन्स आणि स्टिंग, एकाच संध्याकाळी ऐकले." इथेच गोची होती. लोलापलूझा हा संगीत महोत्सव 2023 मध्येही 28 जानेवारीला होता आणि 2024 मध्येही. पण 2023 मध्ये त्या दिवशी शनिवार होता आणि इमॅजिन ड्रॅगन्स होते; 2024 मध्ये रविवार होता आणि स्टिंग होता. ताई दोन्ही वर्षी गेल्या होत्या आणि आठवणींची खिचडी झाली होती. आम्ही विचारलं, दुसऱ्या दिवशी काय केलंत? "सकाळी लोकल पकडून ऑफिसला. डोळे उघडत नव्हते." म्हणजे रविवार, म्हणजे 2024. नंतर फोनमधल्या फोटोंच्या तारखेनेही तेच दाखवलं. म्हणूनच आम्ही कलाकारांच्या आधी वार विचारतो.

पट्ट्याच्या रंगावरून वर्ष कळत नाही. कालचा पट्टा आज चालू नये म्हणून आयोजक दिवसागणिक रंग बदलतात. शिवाय तिकिटाच्या वर्गाचा आणि मद्यासाठीच्या वयाचा रंग वेगळा असू शकतो. त्याच दिवशीच्या फोटोत तोच रंग इतरांच्या मनगटावर दिसला, तरच तो पुरावा. उन्हाने उडालेला मूळ रंग बघायचा तर पट्टा जिथे क्लिपखाली दुमडलेला असतो तिथे बघा.

तिकीट या दोन वर्षांहून जुनं असेल तर कराची ओळ शोधा. 'जीएसटी' असेल तर ते 1 जुलै 2017 नंतरचं. सेवाकरासोबत 'कृषी कल्याण उपकर' दिसला तर जून 2016 ते जून 2017 हे एकच वर्ष उरतं. एवढी नेमकी खूण क्वचितच मिळते.

एक विनंती. पुसट झालेलं चकचकीत तिकीट इस्त्रीखाली किंवा लॅमिनेशनला देऊ नका. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने अख्खा काळा पडतो. सेलोटेपही लावू नका, त्याखालची अक्षरं उडतात. आधी तिरप्या उजेडात फोटो काढा, फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवा, मग तिकीट आहे तसं पाकिटात घालून आणा. तिकीट बुक केल्याचा मेसेज किंवा त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट सापडलं तर तेही.

एवढं करूनही तारीख पक्की झाली नाही, तर फ्रेमखाली आम्ही फक्त मैदानाचं नाव छापतो.