जॉर्जकुट्टी ते विजय साळगावकर : एका गोष्टीचे बदलते मुक्काम

‘दृश्यम’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर २ आणि ३ ऑक्टोबर, पणजीतला सत्संग आणि अजय देवगण येतो. ही गोष्ट मुळात केरळातल्या इडुक्की जिल्ह्यातली. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट डिसेंबर २०१३ मध्ये आला. पुढच्या दोनच वर्षांत तो कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदीत झाला, मग सिंहलीत आणि २०१९ मध्ये चिनी भाषेतही. कथानकाचा सांगाडा सगळीकडे जवळपास तोच आहे, तरी पाहताना प्रत्येक चित्रपट वेगळा लागतो. हा फरक नेमका कुठून येतो, हे तपासायला यापेक्षा चांगलं उदाहरण भारतीय सिनेमात मला तरी दिसत नाही. (पुढे शेवट उघड केला आहे.)

एक गोष्ट दोन भाषांत करण्याची रीत आपल्याला जुनी आहे. प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला. १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. दिग्दर्शक शांतारामबापूच, नायिकाही दोन्हीकडे शांता आपटेच. त्यामुळे या जोड्यांमध्ये भाषा बदलली तरी हात बदलत नव्हता. पुढे हा रिवाज मागे पडला आणि चाललेल्या चित्रपटाचे हक्क विकत घेऊन तो नव्याने करण्याची पद्धत रुळली. तेव्हाही कधीकधी मूळ दिग्दर्शकच बरोबर जायचा: तेलुगू ‘रामुडु भीमुडु’ आणि त्यावरचा हिंदी ‘राम और श्याम’ हे दोन्ही तापी चाणक्य यांचे. पण हक्कांच्या व्यवहारात मुख्यतः हाती येतं ते कथानक. गाव, बोली, नटाची आधीची ओळख आणि प्रेक्षकाचा पोलिसांशी आलेला संबंध यांतलं काहीच कराराच्या कागदावर येत नाही. ते नव्या माणसांना नव्याने उभं करावं लागतं.

मूळ ‘दृश्यम’चा पहिला तास घ्या. जॉर्जकुट्टी हा राजाक्काडचा केबलवाला. अनाथ, चौथीपर्यंत शिकलेला, पैशाला चिकट, रात्र रात्र ऑफिसात सिनेमे बघत बसणारा. सुलेमानच्या चहाच्या हॉटेलात गप्पा चालतात, समोरच पोलीस चौकीचं बांधकाम चालू असतं आणि लाचखाऊ हवालदार सहदेवनशी त्याचं वैर हळूहळू वाढत जातं. या तासात बरंच हसू आहे. कुणाला तो रेंगाळलेला वाटतो, पण चित्रपटाचा सगळा भार त्याच तासावर आहे. पुढे मुलीच्या हातून एका आयजी बाईंच्या मुलाचा मृत्यू होतो आणि आपलं कुटुंब त्या दिवशी बाहेरगावी होतं हे पटवायला जॉर्जकुट्टी बेसावध साक्षीदारांचं जाळं विणतो. ते जाळं टिकतं, कारण गावातल्या प्रत्येक माणसाशी त्याचं नातं आपण आधीच पाहिलेलं असतं. बस कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरमधला माणूस यांनी खरंच खोटं ओळखलं नसेल, यावर आपला विश्वास बसतो.

हिंदी रिमेक २०१५ चा, दिग्दर्शक निशिकांत कामत. रिमेक त्यांना नवा नव्हता. स्वतःचा ‘डोंबिवली फास्ट’ त्यांनीच तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ म्हणून केला होता. इथे जॉर्जकुट्टी विजय साळगावकर झाला, केरळातलं ख्रिस्ती ध्यानशिबिर सत्संग झालं, सहदेवन गायतोंडे झाला, राजाक्काडचं गोव्यातलं एक काल्पनिक गाव झालं. नावांची निवड अचूक आहे. साळगावकर, गायतोंडे ही तिथलीच आडनावं. पण साळगावकरांच्या घरात कोकणी ऐकू येत नाही. नवराबायको, मुली, हॉटेलवाला सगळे हिंदीतच बोलतात, आणि आपल्याला कोकणातली, गोव्यातली घरं माहीत असल्यामुळे ते चटकन खटकतं. शिवाय देवगण तोवर ‘सिंघम’ होऊन गेलेला. त्याची नजर स्थिर झाली की हा माणूस पोलिसांना पुरून उरणार, हे आपण आधीच धरून चालतो. मोहनलालही मोठा नायकच, पण विनोदी, घरगुती भूमिकांतही केरळने त्याला वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून त्याचा जॉर्जकुट्टी दीर्घकाळ निरुपद्रवी वाटत राहतो आणि त्याची हुशारी आपल्याला उशिरा कळते. हिंदीत ताण लवकर सुरू होतो आणि हसू कमी पडतं. रहस्य म्हणून तो चोख आहे. गाव म्हणून मात्र मूळ चित्रपटच भरीव आहे.

तुलनेसाठी सगळ्यात उपयोगी जोडी मात्र हिंदी-मल्याळम नव्हे, तमिळ-मल्याळम. तमिळ ‘पापनाशम’ (२०१५) जीतू जोसेफ यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यात आयजीची भूमिकाही मूळ चित्रपटातल्या आशा शरत यांनीच केली. नायकाच्या जागी कमल हासन आले. दिग्दर्शक तोच, समोरची आई तीच. त्यामुळे शेवटी नायक मृत मुलाच्या आईबापांना भेटतो तो प्रसंग दोन्हीकडे लागोपाठ पाहिला, तर फरकाचा मोठा वाटा नायकाच्या अभिनयाचा आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. मोहनलाल तिथे जवळजवळ काहीच दाखवत नाही. तो माफी मागतो, पण काय घडलं ते पुरतं सांगत नाही आणि चेहराही आवरून धरतो. कमल हासन त्याच जागी रडतो. एकात बाप शेवटपर्यंत सावध राहतो, दुसऱ्यात तो आपलं ओझं समोरच्यापाशी उतरवतो. कोणता बरा ही आवडीची बाब. मला मोहनलालचा संयम जास्त अस्वस्थ करतो, कारण त्या आईबापांना त्यातून सांत्वन मिळत नाही.

चिनी रिमेकमध्ये, ‘शीप विदाउट अ शेफर्ड’मध्ये, बदल याहून खोल आहे. गोष्ट थायलंडमध्ये घडते आणि शेवटी नायक पोलिसांपुढे कबुली देतो. मूळ चित्रपटात मृतदेह नव्या पोलीस चौकीच्या जमिनीखालीच राहतो आणि कायदा हरतो. चिनी पडद्यावर गुन्हेगार मोकळा सुटलेला दाखवणं अवघड असतं, हे एक कारण. पण कारण काहीही असो, या बदलाने कथेचा अर्थच उलटतो: कुटुंब वाचवणाऱ्या बापाची गोष्ट अपराध फेडणाऱ्या माणसाची होते. उलट, पोलीस संशयाची जागा खणतात तेव्हा मल्याळममध्ये वासराचे अवशेष निघतात, हिंदीत कुत्र्याचे आणि चिनीत मेंढीचे. जनावर बदललं तरी प्रसंगाचं काम तेच राहतं. तुलना करताना ही दोन प्रकारची फेरफार वेगळी काढता आली पाहिजे.

त्यासाठी एकच प्रसंग निवडावा, तो मूळ चित्रपटात कोणतं काम करतो ते दोन ओळींत लिहावं आणि मग रिमेकमध्ये ते काम कोण करतंय ते शोधावं. थरार किती वाटला यावरून निकाल देऊ नये, कारण जो चित्रपट दुसऱ्यांदा पाहाल त्याचं रहस्य तुम्हाला आधीच माहीत असतं. आणखी एक अडचण सबटायटल्सची. मल्याळम न येणारा प्रेक्षक मूळ चित्रपट वाचत वाचत पाहतो. एखादं वाक्य कृत्रिम असेल तरी ते त्याच्या कानाला कळत नाही. हिंदीतलं तसंच वाक्य लगेच टोचतं. म्हणजे मूळ चित्रपटाला नकळत थोडी सवलत मिळते. यावर उपाय म्हणजे निवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून दोन्हीकडे पाहायचा. कोण कुठे उभं आहे, कॅमेरा कुणाच्या तोंडावर किती वेळ थांबतो, कोण आधी नजर वळवतं, एवढंच टिपायचं. मग ज्याची ती भाषा आहे अशा मित्राला शेजारी बसवून तो प्रसंग आवाजासकट पुन्हा पाहायचा आणि कुठली ओळ त्याच्या कानाला खोटी वाटली ते विचारायचं.