अंतर्गत मानक अंशन (गॅस क्रोमॅटोग्राफी)

नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात दुसरा एक पदार्थ मिसळायचा, दोन्ही पदार्थांची शिखरे एकाच आलेखावर मिळवायची आणि त्यांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून हव्या त्या पदार्थाची संहती काढायची, अशी ही पद्धत आहे. मिसळलेल्या पदार्थाला अंतर्गत मानक म्हणतात. प्रयोगशाळेत ‘इंटर्नल स्टँडर्ड’ किंवा नुसते ‘आय.एस.’ असेच शब्द ऐकू येतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत ही पद्धत इतकी रुजली, याला कारण स्तंभात दर वेळी नेमका किती नमुना शिरतो याची खात्री नसणे हे आहे. सिरिंजने टोचलेल्या १ मायक्रोलिटरमधला काही भाग सुईतच राहतो, इंजेक्टरच्या तापमानाने आणि दाबाने प्रमाण बदलते. शिखराचे क्षेत्रफळ मात्र शोधकापर्यंत पोचलेल्या राशीच्या प्रमाणात असते. त्यामुळे नमुना १० टक्के कमी शिरला की क्षेत्रफळ १० टक्क्यांनी घटते आणि उत्तरही तेवढेच चुकते. सोबत मिसळलेल्या मानकाचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात घटत असल्याने गुणोत्तर जागचे हलत नाही.

रक्तातील इथेनॉलच्या मोजणीत ही पद्धत जवळून पाहता येते, कारण तिचा फायदा आणि तिची मर्यादा दोन्ही तिथे ठळक दिसतात. या मोजणीत रक्त थेट स्तंभात सोडत नाहीत. सीलबंद कुपीत ते गरम करतात आणि द्रवावर साठलेली वाफ, म्हणजे हेडस्पेस, यंत्रात घेतात. अंतर्गत मानक म्हणून एन-प्रोपेनॉल किंवा टर्शरी ब्युटेनॉल वापरतात. दोन्ही अल्कोहोले असल्याने पाण्यात आणि वाफेत त्यांची वागणूक इथेनॉलशी बरीच जुळते आणि योग्य स्तंभावर त्यांची शिखरे इथेनॉलपासून सुटी पडतात.

समजा, पाण्यात १०० मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम एन-प्रोपेनॉल असलेले मानक द्रावण तयार आहे. प्रत्येक कुपीत १०० मायक्रोलिटर रक्त आणि १ मिलिलिटर मानक द्रावण घालून लगेच झाकण पक्के दाबायचे. इथेनॉलचे प्रमाण ठाऊक असलेल्या ५०, १००, २०० आणि ३०० मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटरच्या प्रमाण द्रावणांवरही हीच कृती करायची. मानक द्रावण सर्व कुप्यांत एकाच बाटलीतले असावे. मग त्याची संहती मुळात थोडी चुकली असली तरी बिघडत नाही, कारण ती चूक प्रमाण द्रावणांत आणि नमुन्यांत सारखीच उतरते. सर्व कुप्या ६० अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवून वाफ ज्वाला आयनीभवन शोधकाकडे पाठवली, की इथेनॉल व एन-प्रोपेनॉल यांच्या क्षेत्रफळांची गुणोत्तरे अनुक्रमे ०.३०२, ०.६०१, १.२०४ आणि १.८०३ येतात असे धरू. त्यांतून जाणारी रेषा अशी :

```
गुणोत्तर = ०.००६०१ × संहती + ०.००१
```

वजन सारखे असले तरी या दोन पदार्थांची क्षेत्रफळे सारखी येत नाहीत. हा शोधक मुख्यतः कार्बनला प्रतिसाद देतो, आणि ज्या कार्बनला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो त्याचा प्रतिसाद साधारण अर्धाच मिळतो. शिवाय दोघांची वाफही सारख्या प्रमाणात होत नाही. हे सगळे फरक रेषेच्या उतारात सामावतात, म्हणून तो उतार गृहीत न धरता दर वेळी प्रयोगाने काढावा लागतो.

आता एका नमुन्याच्या दोन कुप्या घेऊ. पहिलीत इथेनॉलचे क्षेत्रफळ ५२,३१० आणि मानकाचे ६५,८०० आले. दुसरीची वाफ यंत्रात कमी शिरली, त्यामुळे आकडे ४७,०९० आणि ५९,२०० असे उतरले. दोन्ही गुणोत्तरे मात्र ०.७९५ आहेत. त्यातून ०.००१ वजा करून ०.००६०१ ने भागले, की उत्तर १३२ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर. मानक नसते आणि १०० च्या प्रमाण द्रावणाच्या ४०,९०० या क्षेत्रफळाशीच तुलना केली असती, तर याच दोन कुप्यांनी १२८ आणि ११५ अशी उत्तरे दिली असती.

गुणोत्तराने सगळ्या चुका मिटतात असा समज रूढ आहे, आणि तो घातक आहे. मानक मिसळल्यानंतर जे दोघांच्याही वाट्याला येते तेवढेच गुणोत्तरात रद्द होते. पिपेटने १०० ऐवजी ९५ मायक्रोलिटर रक्त घेतले तर उत्तर ५ टक्के कमीच येणार, कारण मानक पूर्ण पडलेले आहे. उलट मानक द्रावण एखाद्या कुपीत २ टक्के कमी पडले तर इथेनॉल जवळपास तेवढेच जास्त दिसते. म्हणून रक्त आणि मानक द्रावण एकाच हालचालीत मोजून सोडणारा डायल्यूटर इथे वापरणे उत्तम. रक्ताची नळी उघडी राहून आधीच उडून गेलेल्या इथेनॉलबद्दलही मानक काही सांगू शकत नाही, कारण ते तेव्हा तिथे नव्हतेच.

याहून अवघड प्रसंग मानक नमुन्यातच आधीपासून असण्याचा. कुजू लागलेल्या रक्तात जिवाणूंमुळे एन-प्रोपेनॉल तयार होऊ शकते. वरच्या नमुन्यात अशा एन-प्रोपेनॉलने मानकाचे शिखर १२ टक्क्यांनी वाढले असे धरू. ६५,८०० चे सुमारे ७३,७०० होतात, गुणोत्तर ०.७१० वर येते आणि १३२ च्या जागी ११८ वाचले जाते. आलेखाकडे पाहून शंकाही येत नाही. शिखर सुबक असते, योग्य वेळी येते, आणि दोन कुप्यांची उत्तरे आपसांत जुळतात.

पकडायचे तर गुणोत्तर बाजूला ठेवून मानकाचे नुसते क्षेत्रफळ पाहावे लागते. त्या दिवसाच्या सर्व कुप्यांतली मानकाची क्षेत्रफळे एका ओळीत मांडली की ती एका अरुंद पट्ट्यात बसतात. कमी वाफ शिरलेली कुपी पट्ट्याच्या खाली जाते, पण तिचे इथेनॉलही सोबत खाली गेलेले असते. एकाच नमुन्याच्या सगळ्या कुप्या मात्र पट्ट्याच्या वर बसल्या, तर मानकात बाहेरून भर पडल्याचा संशय घ्यावा. मग त्याच रक्ताची एक कुपी मानकाऐवजी साध्या पाण्याने भरून चालवावी. एन-प्रोपेनॉलच्या वेळेला शिखर आले, तर नमुना टर्शरी ब्युटेनॉल मानक घेऊन नव्या अंशनरेषेसह पुन्हा मोजावा. कुजलेल्या रक्तासाठी पहिल्यापासूनच टर्शरी ब्युटेनॉल घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण ते कुजण्यातून सहसा निर्माण होत नाही.

त्यालाही एक अडचण आहे. रक्त साठवताना घातलेले सोडियम फ्ल्युओराइड द्रवातल्या अल्कोहोलांना वाफेकडे ढकलते, आणि पाण्याशी कमी जमणाऱ्या मोठ्या रेणूंवर हा परिणाम जास्त होतो. त्यामुळे क्षार भरपूर असेल तर टर्शरी ब्युटेनॉलचे शिखर इथेनॉलपेक्षा जास्त वाढते आणि इथेनॉल किंचित कमी वाचले जाते. रक्ताच्या दसपट मानक द्रावण घालण्याचा फायदा इथे होतो : क्षार पातळ होतो आणि रक्ताची कुपी पाण्यात केलेल्या प्रमाण द्रावणाच्या कुपीसारखी वागू लागते.