डॉबी आणि जॅकार्ड विणकाम

मागावर नक्षी उठवण्याच्या या दोन पद्धती आहेत. दोन्हींत कापडावर काहीही छापले वा भरतकामाने भरले जात नाही. उभ्या ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे हे आडव्या बाण्याच्या प्रत्येक फेकीआधी ठरते आणि त्यातूनच नक्षी तयार होते. वर उचललेला धागा त्या ठिकाणी कापडाच्या दर्शनी बाजूस दिसतो, खाली राहिलेला बाण्याखाली लपतो. डॉबीत धागे गटागटाने उचलले जातात, जॅकार्डमध्ये एकेक स्वतंत्रपणे.

गोव्यातल्या कुणबी कापडावरून, म्हणजे कुणबी व गावडा स्त्रियांच्या चौकड्यांच्या सुती साडीवरून, हा फरक चांगला कळतो. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ही साडी पुन्हा चर्चेत आणली. तिच्या अंगावरच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांना डॉबी लागत नाही. ताण्यात रंगीत धागे ठरावीक क्रमाने लावले आणि धोटे बदलत बाणाही त्याच क्रमाने घातला, की साध्या विणीतही चौकडी पडते. डॉबीचे काम सुरू होते ते काठात.

साध्या विणीला वयांच्या दोन चौकटी पुरतात. वई म्हणजे ताण्याचा धागा ज्या डोळ्यातून ओवतात ती दोरी. एका चौकटीतले सगळे धागे एकदमच उचलले जातात. काठात लहान शंकरपाळी हवी असेल, तर तिच्यासाठी आणखी पाच चौकटी जोडून नक्षीचे जादा धागे त्यांत १-२-३-४-५-४-३-२ या क्रमाने ओवतात. आठ धाग्यांना पाचच चौकटी पुरल्या, कारण नक्षीची डावी-उजवी बाजू सारखी आहे. आता पहिल्या फेकीला पाचवी चौकट उचलायची, दुसरीला चौथी, असे उतरत पहिलीपर्यंत जायचे आणि पुन्हा चढायचे. वर आलेला नक्षीचा धागा ■ ने दाखवला, तर आठ फेकींत असे दिसते:

```
····■···
···■·■··
··■···■·
·■·····■
■·······
·■·····■
··■···■·
···■·■··
```

हा क्रम डॉबीला सांगायचा तो लाकडी पट्ट्यांच्या साखळीतून. एका फेकीला एक पट्टी. तिच्यावर प्रत्येक चौकटीसाठी एक भोक असते. जी चौकट उचलायची, तिच्या भोकात खुंटी ठोकतात. या शंकरपाळीला आठ पट्ट्या पुरतात. साध्या विणीच्या दोन चौकटींच्या खुंट्याही त्यांच्यावरच आलटून-पालटून बसतात. साखळी एकदा फिरली की नक्षी पुन्हा सुरू होते, म्हणून पट्ट्यांची संख्या सम ठेवावी लागते. विषम ठेवली तर जोडावर साधी वीण मोडते.

नक्षी बिघडली तर दोष कुठे आहे हे कापडच सांगते. दर आठ फेकींनी तीच चूक, आणि काठभर प्रत्येक शंकरपाळीत दिसत असेल, तर खुंटी गळालेली आहे किंवा चुकीच्या भोकात आहे. चूक एकाच उभ्या रेषेत ताण्याच्या लांबीभर धावत असेल, तर एक धागा भलत्याच वईत ओवला गेला आहे. पहिली दुरुस्ती क्षणाची. दुसरीसाठी धागा तोडून नीट ओवून पुन्हा बांधावा लागतो. कापड उलटून पाहणेही आवश्यक असते. या नक्षीत पाचव्या चौकटीचा धागा सलग सात फेकी मागून मोकळा जातो. सेंटिमीटरला २० फेकी असल्या तर ते अंतर साडेतीन मिलिमीटर होते आणि चालून जाते. नक्षी मोठी केली की हे मोकळे धागे लांबतात आणि बांगडीत, अंगठीत अडकू लागतात.

डॉबीची मर्यादा चौकटींची आहे. हातमागावर त्या १६च्या आसपास गेल्या की उचलणे जड आणि जागा अपुरी होते. पट्ट्या वाढवून नक्षी उंच करता येते, पण तिची रुंदी चौकटींनीच बांधलेली राहते. पदरावर काजूची फांदी वा मासा हवा असेल, जिथे डावी-उजवी बाजू सारखी नसते, तिथे जॅकार्ड लागते.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ मध्ये हे यंत्र सिद्ध केले. छिद्रांतून नक्षी सांगण्याची कल्पना त्याच्याआधी बूशों याने कागदाच्या पट्टीवर आणि फाल्कन याने पुठ्ठ्यांवर राबवली होती. मागाच्या वर बसणाऱ्या या यंत्रात चौकटीऐवजी हुक असतात. प्रत्येक हुकाला एक आडवी सुई जोडलेली असते आणि दर फेकीला एक पुठ्ठा सुयांवर येऊन टेकतो. छिद्र असले तर सुई आत शिरते, हुक वर उचलणाऱ्या पात्यावर राहतो आणि आपले धागे घेऊन वर जातो. छिद्र नसले तर सुई मागे ढकलली जाते, हुक पात्यावरून सुटतो आणि धागे खालीच राहतात. २४० हुकांच्या यंत्रावर २४० धागे स्वतंत्रपणे चालवता येतात. त्याच २० फेकींच्या हिशेबाने दहा सेंटिमीटर उंच नक्षीला २०० पुठ्ठे छेदून क्रमाने ओवावे लागतात. म्हणून छोट्या काठासाठी जॅकार्ड चढवणे मला अनाठायी वाटते.

पावसाळ्यातली गोव्याची दमट हवा सुती धाग्याला मानवते, कारण ओलाव्याने सूत तुटणे कमी होते. पुठ्ठ्याला मात्र ती बाधते: तो फुगला की छिद्रे सुयांसमोरून सरकतात आणि नक्षीत ठिपके गळतात. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पुठ्ठे नसतातच. संगणकावर काढलेल्या आलेखातला एक चौकोन एका धाग्याचा आदेश होतो आणि विद्युतचुंबक हुक धरतो किंवा सोडतो.