अर्ध्या मिनिटात भरलेली विहीर

गावातल्या पाणी संवर्धन गटाच्या मुलींनी बनवलेली क्लिप पाहायला बसलो होतो. सुरुवातीला कोरडाठाक तळ दिसतो. मग एका कडेच्या दगडाचा रंग गडद होतो, त्या ओलीतून बारीक धार सुटते, तळाशी डबकं साचतं आणि बघता बघता पुरुषभर पाणी चढतं. सगळी मिळून 27 सेकंद. खाली ओळ टाकायची होती, 'पाणी अडवलं, विहीर भरली.'

मी विचारलं, हे किती दिवसांचं चित्रण आहे? एका दिवसाचं, असं उत्तर आलं. पहाटे विहीर उपसून मोटर बंद केली, काठावर फोन पक्का बांधला आणि दर मिनिटाला एक याप्रमाणे संध्याकाळपर्यंत 810 फोटो काढले. काम फार चांगलं झालं होतं. पण खालची ओळ त्या चित्राची नव्हती. मुलींनी जे टिपलं होतं ते उपशानंतर विहिरीचं पुन्हा भरणं. जमिनीत आधीच असलेलं पाणी परत विहिरीत आलं, एवढंच ते सांगतं. जमिनीतला साठा वाढला की नाही, ते त्यातून कळत नाही. उपसलेली विहीर भर उन्हाळ्यातही थोडीफार भरते.

उपशानंतरचं भरणं आणि पावसाने होणारं भरणं, ही दोन वेगळी आहेत आणि पडद्यावर ती एकसारखीच दिसतात. म्हणून ती ओळखायची कशी, हे नीट बघू.

विहीर हे पाणी साठवायचं भांडं आहे, असं आपण धरून चालतो. खरं तर ती जमिनीला पाडलेली खिडकी आहे. मुरमाच्या कणांमधल्या पोकळ्या आणि खडकाच्या भेगा एका पातळीपर्यंत पाण्याने भरलेल्या असतात. विहीर त्या पातळीच्या खाली गेली की आत पाणी दिसतं. मोटर लावली की आतलं पाणी पटकन खाली जातं, पण बाहेरच्या जमिनीतलं तेवढ्या वेगाने जात नाही. मग बाहेर उंच आणि आत खोल असा उतार तयार होतो आणि त्या उताराने पाणी विहिरीकडे येतं. हा उतार जितका जास्त तितका प्रवाह मोठा. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून हे मोजलं आणि 1856 साली प्रसिद्ध केलं. भूजलाचं जवळपास सगळं गणित अजूनही त्याच पायावर उभं आहे.

आता मुलींच्या क्लिपसारखीच एक विहीर घेऊ. व्यास 6 मीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग सुमारे 28 चौरस मीटर. दर मीटर उंचीला 28 हजार लिटर. उपसा नसताना तळापासून 4 मीटर पाणी असतं. मुख्य झरा म्हणजे तळापासून दीड मीटर उंचीवरची खडकातली एक आडवी भेग. पहाटे 6 वाजता विहीर रिकामी करून मोटर बंद केली.

पहिले तीन तास पातळी तासाला 50 सेंटिमीटरने, अगदी एका चालीने चढते. तासाला साधारण 14 हजार लिटर पाणी येतंय. चाल एकसारखी का? कारण झरा अजून उघडा आहे. भेगेतून पाणी हवेत पडतंय आणि खाली एक वीत पाणी साचलंय की एक मीटर, याने त्या भेगेला काही फरक पडत नाही. 9 वाजता पाणी भेगेपर्यंत पोचतं आणि ती बुडते. आता आतलं पाणी बाहेरून येणाऱ्या पाण्याला रेटायला लागतं. भरायचं राहिलंय अडीच मीटर. पातळी चढेल तसा बाहेरचा आणि आतला फरक कमी होतो आणि येणारं पाणीही तितकंच कमी होतं. दुपारी साडेबाराला राहिलेलं अंतर निम्म्यावर, म्हणजे सव्वा मीटरवर आलेलं असतं. पुढच्या साडेतीन तासांत त्याचं पुन्हा निम्मं, 4 वाजता सुमारे 62 सेंटिमीटर. संध्याकाळी साडेसातला 31. शेवटच्या वीतभरासाठी रात्र उलटते.

म्हणजे उपशानंतरच्या भरण्याला एक ठरावीक आकार आहे. आधी सरळ चढण, मग वाकत वाकत मंद होत जाणारी. चढण जिथे वाकायला लागते तिथे झरा असतो, हेही त्या क्लिपमधूनच वाचता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण तळ खोल करायचा की झऱ्याच्या उंचीवर आडवं छिद्र घ्यायचं, या वादात गावोगाव पैसा जातो आणि झरा नेमका कुठे आहे हे कोणी मोजलेलं नसतं. एकाहून जास्त झरे असतील तर चढण तितक्या ठिकाणी वाकते, आणि प्रत्यक्षातली रेघ इथल्या हिशेबाइतकी गुळगुळीत कधीच येत नाही. पण आधी जलद आणि नंतर मंद हा क्रम सुटत नाही.

पावसाने होणारं भरणं याच्या उलट चालतं. तिथे सुरुवात मंद असते, कित्येकदा शून्य. पहिले पाऊस मातीच पिऊन टाकते. एक मीटर जाडीची भारी माती साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाऊस स्वतःत धरून ठेवू शकते आणि तेवढी तिची भूक भागल्याशिवाय खाली फारसं काही सोडत नाही. (उन्हाने भेगाळलेल्या जमिनीत पहिल्या सरीचं थोडं पाणी भेगांमधून थेट खाली उतरतं, पण माती फुगली की त्या भेगा मिटतात.) माती तृप्त झाल्यावर मात्र पातळी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. मोठा पाऊस, दोन-चार दिवसांनी एक पायरी. उघडीप पडली की थांबते किंवा किंचित उतरते.

आणि ही पायरी पावसाच्या मानाने केवढी तरी मोठी असते. समजा, 50 मिलिमीटर पाऊस झाला. थेट विहिरीच्या तोंडात पडलेल्या पावसाने पातळी 5 सेंटिमीटरच वाढेल. पण त्याच पावसातला दहावा हिस्सा, 5 मिलिमीटर, जमिनीत खोल मुरला तर पातळी 25 सेंटिमीटर चढू शकते. कारण कठीण खडकात पाणी देऊ शकणारी जागा अगदी थोडी असते, एकूण आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्के. 2 टक्के धरले तर मुरलेलं पाणी पन्नासपट उंच दिसतं.

हे ऐकून गटाला आनंद झाला, म्हणून दुसरी बाजूही तिथेच सांगितली. पातळी उंच म्हणजे पाणी पुष्कळ असं नाही. एक हेक्टर जमिनीखाली पातळी एक मीटरने वाढली, तर अशा खडकात 2 लाख लिटर पाणी वाढलं. जाड वाळूच्या थरात, जिथे ही जागा 15 टक्क्यांच्या आसपास असते, तिथे तेवढ्याच चढणीला 15 लाख लिटर. कातळातली विहीर भराभर भरते ती याच कारणाने आणि भराभर रिकामी होते तीही याच कारणाने.

मग पावसाचं भरणं टिपायचं कसं? दर मिनिटाला नाही, दिवसाला एकच फोटो. रोज त्याच वेळी, सकाळी मोटर लावण्याआधी, कारण रात्रभराच्या विश्रांतीनंतर आतली आणि बाहेरची पातळी जवळजवळ जुळलेली असते. फोन रोज त्याच जागी आणि त्याच कोनात बसावा म्हणून कठड्यावर लोखंडी पट्टीचा खाचा पक्का करायचा. समोरच्या भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण. कठड्यावर एक बिंदू कायमचा ठरवून तिथून वजन बांधलेली टेप सोडायची, पाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहायचं आणि शेजारी पर्जन्यमापकातला पाऊस. 120 दिवसांचे 120 फोटो, सेकंदाला चार या वेगाने दाखवले की तीही अर्ध्या मिनिटाची क्लिप होते. दोन्ही क्लिप शेजारी ठेवल्या की वेगळेपणा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

फोटो बघताना भिंतीकडे लक्ष द्यावं. पाण्याच्या पातळीच्या वर दगड ठिबकत असेल, तर बहुधा विहीर अजून बाहेरच्या पातळीला पोचलेली नाही आणि त्या दिवशीचा आकडा कमी आलाय. म्हणजे रात्री कोणीतरी उपसा केला असेल. तसं नसेल, तर वरच्या एखाद्या थरात पाणी अडून तिथून झिरपत असेल. उलट एका रात्रीत पाणी मीटरभर चढलं, गढूळ झालं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत खाली गेलं, तर ते बहुधा काठावरून आत शिरलेलं वाहतं पाणी. ते भूजल नाही. असं पाणी बरोबर गाळ आणतं, तो गाळ भेगांमध्ये बसतो आणि झराच बंद होतो. वाहतं पाणी मुद्दाम विहिरीत सोडायचं ठरवलं, तर आधी गाळ बसायला खड्डा आणि मग वाळू-खडीची गाळणी हवीच. गाळणी दरवर्षी धुवावी लागते आणि ज्या पाण्यात शेतातली औषधं किंवा सांडपाणी मिसळतं ते तिथे आणूच नये, कारण गाळणी गाळ अडवते, विरघळलेलं विष अडवत नाही.

राहिला प्रश्न गटाच्या कामाचा. चर खणले, बांध घातले, त्याने विहीर भरली का? भरलेल्या विहिरीच्या फोटोवरून हे सांगता येत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी काम न केलेल्या शिवारातल्या विहिरीही काठोकाठ भरतात आणि एकदा जमीन भरली की जास्तीचं पाणी ओढ्यालाच लागतं. कामाचा परिणाम दिसतो तो पावसाळा संपल्यावर, पातळी उतरताना. म्हणून मी मुलींना म्हटलं, पावसाळा सरला तरी कठड्यावरचा खाचा काढू नका. सर्वांत उंच पातळीपासून समजा 2 मीटरच्या खुणेपर्यंत उतरायला किती दिवस लागले ते मोजा. तेच पुढच्या वर्षी मोजा, आणि बांधांपासून दूर असलेल्या, साधारण तशाच खडकातल्या दुसऱ्या एका विहिरीचंही मोजा. दोन्ही विहिरींवर मोटर रोज किती तास चालली याची नोंद हवी, नाहीतर शेजाऱ्याने वर्षभर ऊस न लावल्याचं श्रेय बांधाला मिळेल.

पहिली क्लिप वाया गेली नाही. मुलींनी फक्त खालची ओळ बदलली. 'उपसा थांबवल्यावर आपल्या विहिरीत पाणी असं येतं. वेळ साडेतेरा तास. झरा तळापासून दीड मीटरवर.' दुसऱ्या क्लिपचा पहिला फोटो दुसऱ्याच दिवशी सकाळी काढला. त्यात पाण्यापर्यंतचं अंतर 9 मीटर 20 सेंटिमीटर होतं आणि पावसाच्या रकान्यात शून्य.