डाउनटाइम की ॲप लिमिट? पोराच्या आयपॅडवर नक्की कुठलं लावायचं

स्क्रीन टाइममधल्या या दोन गोष्टींत जवळजवळ सगळ्यांचाच गोंधळ होतो, कारण दोन्हींत शेवटी ॲप बंदच होतं. पण डाउनटाइम घड्याळ बघतो आणि ॲप लिमिट वापर मोजते.

समजा रात्री ८ ते सकाळी ७ डाउनटाइम लावलाय आणि गेम्सना रोजचा १ तास दिलाय. पोरगं संध्याकाळी २० मिनिटंच खेळलं तरी ८ वाजता गेम बंद, उरलेली ४० मिनिटं उद्यावर जात नाहीत, लिमिट रात्री १२ ला परत शून्यापासून सुरू होते. उलट दुपारी ४ लाच तास संपला तर गेम अडकतो, पण बाकीची ॲप्स ८ पर्यंत चालतात. आणि हो, तो तास सगळ्या गेम्सचा मिळून असतो, प्रत्येक गेमला वेगळा नाही, त्यामुळे "मी हा गेम तर उघडलाच नाही" अशी तक्रार हमखास येणार.

डाउनटाइममध्ये काय चालू ठेवायचं ते Always Allowed मध्ये ठरतं. वाचनाचं ॲप तिथे टाकायचं असेल तर टाका, पण व्हिडिओचं टाकलंत तर मग डाउनटाइम लावून उपयोग काय!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच अकाउंटमुळे. आईच्या फोनवर आणि पोराच्या टॅबवर एकच ॲपल अकाउंट असेल आणि Share Across Devices चालू असेल तर दोघांचा वापर एकत्र मोजला जातो, म्हणजे आईने फोनवर गेम खेळला की पोराचा तास कमी, आणि ८ वाजले की आईच्या फोनवरची ॲप्सही करडी पडून त्यांच्या नावाशेजारी छोटं वाळूचं घड्याळ दिसायला लागतं. हे दिसलं की समजायचं, सेटिंग भलत्या अकाउंटवर लागलंय. तात्पुरतं ते स्विच टॅबवर बंद करून नियम टॅबवरच लावता येतात. पण खरं काम होतं ते फॅमिली शेअरिंगमध्ये पोराचं वेगळं चाइल्ड अकाउंट काढून टॅबवर तेच लॉगिन केल्यावर. मग आपल्या फोनवर स्क्रीन टाइममध्ये पोराचं नाव दाबलं की सगळं तिथूनच, आणि जास्त वेळ मागितला तर १५ मिनिटं, एक तास की दिवसभर, हेही आपणच ठरवायचं.

एवढं करूनही पोरगं Ignore Limit दाबून खेळतंय? मग स्क्रीन टाइमचा पासकोड टाकलेला नाहीये किंवा Block at End of Limit बंद राहिलंय. डाउनटाइमसाठी असंच वेगळं Block at Downtime आहे, एक चालू केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. आणि पासकोड टॅब उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, तो पोराला पाठ असतो.